फ्रिजखाली पाणी : गळती नेमकी कुठली?

डिस्पेन्सर असलेल्या फ्रिजला मागून पाण्याची बारीक नळी जोडलेली असते. हे पाणी खालच्या इनलेट व्हॉल्व्हमधून आत जाते. हा विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह डिस्पेन्सरची कळ दाबली किंवा बर्फाच्या साच्यात पाणी हवे असले, तेवढ्यापुरताच उघडतो. म्हणून त्याच्या अलीकडच्या नळीत पाण्याचा दाब दिवसरात्र असतो, पलीकडे तो व्हॉल्व्ह उघडल्यावरच येतो. गळती शोधताना हा फरक सर्वांत उपयोगी पडतो.

समजा, रात्रभर कोणी पाणी घेतले नाही, तरी सकाळी फ्रिजखाली थारोळे आहे. अशा वेळी आधी प्लग काढावा, फ्रिज पुढे ओढून फरशी कोरडी करावी, भिंतीवरचा कॉक बंद करून खाली वर्तमानपत्र पसरावे आणि प्लग परत लावावा. कॉक बंद असतानाही कागद भिजला, तर डीफ्रॉस्टचे पाणी वाहून नेणारी नळी तुंबली आहे का, खालचा ट्रे तडकला आहे का, हे पाहावे. कागद कोरडा राहिला, तर कॉक उघडून प्रत्येक जोडाभोवती टिश्यू गुंडाळावा. नळीवरून ओघळलेला थेंब भलतीकडेच पडतो, पण टिश्यू पहिल्यांदा भिजतो तो गळणाऱ्या जोडावरच.

हा जोड बहुधा नळी आत दाबून बसवण्याचा असतो. नळीचे टोक तिरके कापलेले किंवा चरे पडलेले असले, की आतले रबरी कडे तिला नीट धरत नाही. कॉक बंद करून जोडाचे बाहेरचे कडे आत दाबावे, नळी ओढून काढावी, टोक सेंटिमीटरभर सरळ कापावे आणि अडेपर्यंत पुन्हा आत सरकवावे. हलके ओढून ती सुटत नाही ना, याची खात्री करावी. टेप गुंडाळून असा जोड टिकत नाही.

फिल्टर बदलल्यावर लगेच गळती सुरू झाली, तर संशय फिल्टरच्या घरावर. ओ-रिंग मुरगळलेली असते किंवा फिल्टर पुरता फिरलेला नसतो. घराला केसाएवढी चीर असेल, तर डिंक-गोंद कामाचा नाही, घरच बदलावे लागते. नव्या फिल्टरनंतर डिस्पेन्सरच्या तोंडातून पडणारे चार थेंब मात्र अडकलेल्या हवेमुळे असतात. काही लिटर पाणी सोडले, की ते बहुधा थांबतात.

व्हॉल्व्हचा दोष वेगळाच. आतल्या पडद्यावर गाळ बसला, तर तो पूर्ण मिटत नाही, बर्फाचा साचा ओसंडतो आणि पाणी खाली उतरते. प्लग काढल्यावरही साच्यात पाणी झिरपत राहिले, तर व्हॉल्व्ह मिटत नाही हे नक्की. हा पडदा पाण्याच्याच दाबाने घट्ट बसतो, आणि बऱ्याच फ्रिजना त्यासाठी सुमारे दीड बार दाब लागतो. गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली जेमतेम एक बार मिळतो. त्यामुळे वरच्या मजल्यांवर नवा व्हॉल्व्हही गळू शकतो, आणि तिथे आधी दाब वाढवणारा पंप बसवावा लागतो.