अर्थिंग किती आले, कधी मोजले?

‘सर्व प्रकारची इलेक्ट्रिक कामे खात्रीशीर व वाजवी दरात केली जातील.’ राजापेठेतल्या फलकापासून जठारपेठेतल्या इलेक्ट्रिशियनच्या मोबाइलवरच्या जाहिरातीपर्यंत अमरावती-अकोल्यात ही ओळ सगळीकडे दिसते. या ओळीत खोटे काही नाही, पण तिच्यावर विश्वास ठेवावा असेही काही नाही, कारण ती खोटी ठरूच शकत नाही. ‘सर्व प्रकारची’ म्हणजे कोणती, ‘खात्री’ कशाची आणि किती दिवसांची, ‘वाजवी’ कोणाच्या हिशेबाने, हे तिने सांगितलेलेच नसते. सेवा देणाऱ्यांच्या यादीत स्वतःची ओळख लिहिणाऱ्या कारागिराने एवढी एकच कसोटी लावावी, असे मला वाटते: हे वाक्य उद्या खोटे निघाले, तर गिऱ्हाइकाला ते कळेल का? कळत असेल तर लिहावे, नसेल तर खोडावे.

वीजकामाच्या बाबतीत ही कसोटी जास्त लागू पडते. हॉटेलातली भाजी बिघडली तर पहिल्या घासाला कळते, पण भिंतीच्या आत गेलेली वायर आणि जमिनीत पुरलेले अर्थिंग काम झाल्यावरही दिसत नाही. दिवा लागला, पंखा फिरला की गिऱ्हाईक पाच तारे देऊन मोकळे होते. खराब अर्थिंगनेही दिवा लागतोच. डार्बी आणि कार्नी या अर्थतज्ज्ञांनी 1973 मध्ये अशा सेवांचा वेगळा वर्ग मांडला. त्या विकत घेतल्यानंतरही त्यांचा कस घेणाऱ्याला सहज ठरवता येत नाही, निव्वळ भरवशावर चालावे लागते. म्हणून वीजकामात ताऱ्यांवरून फार तर एवढे कळते की माणूस वेळेवर आला आणि नीट बोलला.

वऱ्हाडात हा भरवसा दरवर्षी कूलरपाशी पणाला लागतो. मे महिन्यात पारा 45 अंशांकडे सरकतो आणि घरोघरी पत्र्याचे कूलर खिडकीला लागतात. पत्र्याचे अंग, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप, खाली ओली फरशी आणि पाणी भरायला अनवाणी आलेले घरातले कोणीतरी: विजेचा धक्का बसायला याहून सोयीची मांडणी शोधून सापडणार नाही. महावितरण उन्हाळा लागला की कूलरबाबत सावध करते, ते याचमुळे. आता पंपाच्या वायरचे आवरण फाटले आणि फेज पत्र्याला टेकला, असे समजू. घरात 16 अँपिअरची एमसीबी आहे आणि अर्थिंगचा रोध 20 ओहम आहे. 230 भागिले 20, म्हणजे जमिनीत जाणारा प्रवाह फार तर साडेअकरा अँपिअर. 16 अँपिअरच्या एमसीबीला हा नेहमीचाच भार वाटतो, ती पडत नाही. कूलर चालू राहतो आणि त्याच्या पत्र्यावर जवळपास पूर्ण दाब उभा असतो. म्हणजे ‘एमसीबी बसवून दिली, आता धोका नाही’ हे वाक्य प्रामाणिक माणसाने लिहिले तरी चुकीचेच. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवते. माणूस वाचवण्याचे काम 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचे. जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत तेवढा फरक पडला की ती क्षणात लाईन तोडते. अर्थिंग 20 ओहमचे असले तरी साडेअकरा अँपिअरची गळती तिला पुरून उरते.

पण ‘आरसीसीबी लावून मिळेल’ एवढेही पुरत नाही, कारण तिला आंधळी करण्याची एक जुनी युक्ती आपल्याकडे चालते. घरात अर्थिंग नसले किंवा बिघडले, की सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ यांना वायरच्या तुकड्याने जोडून टाकायचे. टेस्टरवर सगळे ठीक दिसते. मात्र आता गळतीचा प्रवाह न्यूट्रलमधूनच परत जातो, आरसीसीबीला फरक दिसत नाही आणि ती पडत नाही. त्यातून कधी त्या सॉकेटच्या मागे न्यूट्रल तुटला, तर काहीही बिघाड नसलेल्या कूलरच्या पत्र्यावरही फेज उतरतो. दुसरी फसगत शंभराच्या दिव्याची. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बल्ब लावायचा, तो भक्क पेटला की ‘अर्थिंग फर्स्ट क्लास’. शंभर वॅटचा बल्ब अर्ध्या अँपिअरहूनही कमी घेतो. 20 ओहमच्या अर्थिंगवर तेवढ्याने आठ-नऊ व्होल्टच पडतात आणि बल्ब पूर्ण उजेडाने पेटतो. न्यूट्रलचा तुकडा जोडलेला असेल तर आणखीच छान पेटतो. अर्थिंग आहे की नाही हे दाखवायला बल्ब ठीक, ते किती चांगले आहे ते तो सांगत नाही.

म्हणून अर्थिंगबद्दलचे प्रामाणिक वाक्य आकड्याचे आणि तारखेचे असते. आणि वऱ्हाडात तारीख आकड्याइतकीच महत्त्वाची आहे. इथली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगाळते आणि पुरलेल्या पाइपाच्या अंगापासून सुटते. ओल गेली की रोध वाढतो. ऑगस्टमध्ये मोजलेले अर्थिंग छान दिसेल आणि नेमके कूलरच्या दिवसांत तेच कमकुवत झालेले असेल. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूला, गोष्ट उलटी. मातीतल्या क्षारांमुळे सुरुवातीला रोध कमी येतो, पण तेच क्षार जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप खातात. नव्या अर्थिंगचा चांगला आकडा दाखवून ‘दहा वर्षे बघायला नको’ म्हणणारा तिथे नकळत खोटे बोलतो.

आता हे सारे एका ओळखीत कसे बसवायचे? अमरावतीत घरगुती काम करणाऱ्या एका इलेक्ट्रिशियनची ओळख अशी लिहिता येईल: ‘आयटीआय वीजतंत्री, दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण. तारतंत्री परवाना आहे, मुदतीसह मूळ प्रत पाहायला मिळेल. अमरावती शहर आणि बडनेरा. घरातली वायरिंगची दुरुस्ती, बोर्ड, पंखे, कूलर, आरसीसीबी. मीटरपर्यंतच्या लाईनचे काम आणि तीन फेजचे पंप घेत नाही. नव्या जोडणीचा चाचणी अहवाल परवानाधारक ठेकेदाराकडून घ्यावा लागतो, तो मी देत नाही. पाहणीचे शुल्क ठरलेले आहे, काम दिले तर बिलातून वजा होते. काम झाल्यावर इन्सुलेशन मेगरने आणि अर्थिंग मीटरने मोजून दोन्ही आकडे तारखेसह बिलावर लिहून देतो. माझ्या जोडकामात एक वर्षात दोष निघाला तर मजुरी घेत नाही. सामानाची हमी कंपनीची, पक्क्या बिलावर. आरसीसीबी वारंवार पडत असेल तर ती काढून देत नाही, गळती शोधतो.’

यातले शेवटचे वाक्य सर्वांत बोलके आहे. जुन्या घरांत दोन सर्किटांचे न्यूट्रल एकमेकांत गेलेले असतात, त्यामुळे आरसीसीबी सारखी पडते, घरचे वैतागतात आणि कोणीतरी ती काढून सरळ लाईन देतो. ‘काढून देत नाही’ असे आधीच लिहिणारा माणूस एक सोपे काम सोडायला तयार आहे, हे गिऱ्हाइकाला दिसते. मेगरचेही तसेच. 500 व्होल्टवर तपासताना वायर आणि अर्थ यांच्यामध्ये किमान 1 मेगाओहम यावे, ही सुरक्षेच्या नियमांतली जुनी अट आहे. हा आकडा बिलावर आला की पुढच्या वर्षी दुसरा कोणीही इलेक्ट्रिशियन तो पडताळू शकतो. न दिसणारे काम दुसऱ्याला तपासता येईल असे करणे, विश्वास मिळवण्याचा मला दिसणारा मार्ग हाच.

यावर पहिला आक्षेप धंद्याचा. काय करत नाही ते लिहिले तर गिऱ्हाईक पुढच्या नावावर जाईल. जाईल, पण बहुतेक तेच, ज्याचे काम तसेही या माणसाच्या हातचे नव्हते. चुकीच्या कामासाठी काठोरा नाक्यापर्यंतचा हेलपाटा, मग ‘हे आमच्याकडे नाही होत’ आणि त्यावरून मिळालेला एक तारा, यापेक्षा न आलेला फोन स्वस्त. दुसरा आक्षेप असा की गिऱ्हाइकाला मेगाओहम कळत नाही, त्याला दर कळतो. आकडा कळण्याची गरज नाही, तो लिहून मिळतो एवढे कळले तरी पुरे. गाडीच्या पीयूसीवरचे आकडे किती जणांना कळतात? तरी कागद आहे की नाही ते सगळे पाहतात. खोटा आकडा लिहिणारे निघतीलच, हे मात्र मान्य केले पाहिजे. फरक इतकाच की खोटा आकडा सहीनिशी हातात राहतो, ‘खात्रीशीर’ हा शब्द हवेत विरतो.

तिसरा आक्षेप खरा जड आहे. वऱ्हाडात घरचे वीजकाम करणाऱ्या कोणालाही लोक ‘वायरमन’ म्हणतात. प्रत्यक्षात तारतंत्री हा परवान्याचा एक वर्ग आहे, आणि अनेक चांगले हात मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेले, विनापरवाना आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे 2023 चे सुरक्षा विनियम दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे वेगळी ठेवतात. वायरिंगचे नवे, वाढीव किंवा दुरुस्तीचे काम मात्र परवानाधारकाकडूनच व्हावे, असे त्यांचे म्हणणे आहे. विनापरवाना माणसाने काय लिहावे? ‘परवाना नाही. पंखे, स्विच बदलतो, कूलर दुरुस्त करतो. वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदाराच्या हाताखालीच.’ हे लिहिणे अवघड आहे आणि त्यात पैसा जातो. पण ‘वीस वर्षांचा अनुभव’ या आडोशामागे परवान्याचा प्रश्न लपवणारी ओळख पहिल्याच अपघातात त्याच्याच विरोधात पुरावा ठरते. ग्राहक संरक्षण कायदा 2019 फसव्या जाहिरातीत महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणेही धरतो.

सुताराची गोष्ट थोडक्यात सांगून टाकतो, कारण दुखणे तेच आहे. ‘वॉटरप्रूफ प्लाय वापरला’ हे सनमायका चिकटल्यावर कोणालाच पाहता येत नाही. किचनच्या कामाला आयएस 710 चा प्लाय वापरला की साधा आयएस 303 चा, हे पाटीवरचा शिक्का सांगतो. म्हणून सुताराच्या ओळखीत एकच वाक्य घालावे: ‘सनमायका लावण्याआधी पाट्यांचे शिक्के दाखवतो, फोटो पाठवतो.’ ते घातले की ‘उत्तम दर्जा’ खोडता येतो.

तुम्ही गिऱ्हाईक असाल तर नाव निवडताना फोनवर एवढेच विचारा: अर्थिंग मोजून आकडा बिलावर द्याल का? नाही म्हणाला तर पुढचे नाव पाहा. हो म्हणाला आणि दिवाळीच्या सुमारास मोजून दिले, तर लक्षात ठेवा की पावसाळ्याची ओल तेव्हा अजून जमिनीत असते. एप्रिलमध्ये कूलर खिडकीला लावण्याआधी तेच अर्थिंग पुन्हा मोजून मागा.