पहिल्या फोटोखालच्या दोन ओळी

जोडी जमल्यानंतरचा पहिला १४ फेब्रुवारी. फोटो छान आलेला असतो, पण खाली काय लिहायचं इथे गाडी अडते. मग बहुतेक जण लिहितात, ‘तू आलीस आणि माझं आयुष्यच बदललं.’ भावना खरी असते, पण हे वाक्य कुठल्याही जोडीच्या फोटोखाली चालेल. म्हणूनच ते वाचून कुणाला काही वाटत नाही, तिलाही नाही.

कॅप्शन त्या दोघांचंच वाटायला हवं असेल, तर त्या दिवसातली एक बारीकशी खरी गोष्ट उचलावी. समजा, फोटो अमृततुल्यमधला आहे आणि टेबलावर दोन कप आहेत. ‘आम्ही चहा पितोय’ हे दिसतंच आहे, ते पुन्हा सांगायला नको. जे फोटोत दिसत नाही ते लिहावं: ‘पहिला व्हॅलेंटाइन. चहा तिच्या पसंतीचा, खारी माझ्या, बिल अर्धं-अर्धं.’ एवढ्यात दोघांचा स्वभाव कळतो, आणि खासगी काहीच बाहेर पडत नाही. याच्यापुढे ‘लव्ह यू फॉरएव्हर’ जोडायचा मोह होतो. तो आवरावा, कारण त्या एका ओळीने आधीचा सगळा हलकेपणा जातो.

इन्स्टाग्रामवर कॅप्शनला २,२०० अक्षरांची मुभा आहे, पण स्क्रोल करणाऱ्याला सुरुवातीचाच मजकूर दिसतो. पुढचा बोट लावल्यावर उघडतो. सांगायचं ते पहिल्याच ओळीत यावं.

वाढदिवसाचं गणित थोडं वेगळं. तो दिवस एकाचाच असतो, त्यामुळे आपण किती नशीबवान हे सांगत बसण्यापेक्षा त्या माणसाबद्दल लिहावं. ‘ट्रेकला सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या हाच भरतो. आज तरी कुणीतरी याची भरा रे. हॅपी बर्थडे!’ यात कौतुक आहे, पण गोडाचा अतिरेक नाही.

अति झालं हे ओळखायचं कसं? कॅप्शन मोठ्याने वाचावं आणि समोर त्याची आई किंवा तिची आत्या बसली आहे असं समजावं. जिथे जीभ अडखळेल तो शब्द काढावा. लाडाचं नाव, मिटलेलं भांडण, भेटवस्तूची किंमत, आधीच्या नात्याचा उल्लेख बहुधा इथेच गळतात. ते सगळं हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत जास्त शोभतं.

आणि पहिली पोस्ट म्हणजे जाहीर घोषणाच असते. घरी अजून सांगितलेलं नसेल, तर टॅग केलेला फोटो मावसबहिणीमार्फत संध्याकाळपर्यंत घरी पोचतो. कॅप्शन नंतर बदलता येतं, पण कुणी काढलेला स्क्रीनशॉट आपल्या हातात राहत नाही. म्हणून पोस्ट करण्याआधी फोटो आणि ओळ दोन्ही त्याला किंवा तिला पाठवा, आणि होकार आल्यावरच टाका.