शुद्ध शब्द, चुकीची जागा

इंग्रजीतील शब्ददोष ओळखण्याच्या प्रश्नांत विद्यार्थी बहुधा अपरिचित दिसणारा शब्द चुकीचा ठरवितो. ‘मोटार सेमेटरीजवळ स्टेशनरी होती’ या आशयाचे इंग्रजी वाक्य घेऊ. त्यात दोन्ही शब्दांच्या अंती ‘ई-आर-वाय’ छापले आहे. तीन ‘ई’ असलेला ‘सेमेटरी’ संशयास्पद वाटतो. परंतु तो शुद्ध आहे. दोष ‘स्टेशनरी’त आहे. ‘ई’युक्त रूप म्हणजे लेखनसाहित्य, ते नाम होय. येथे मोटारीची स्थिती सांगणारे विशेषण हवे, म्हणून ‘ए-आर-वाय’ आवश्यक ठरते. दोन्ही रूपांचा उच्चार सारखा आणि प्रत्येक रूप कोशात शुद्धच. त्यामुळे सुटा शब्द तपासून दोष सापडत नाही. यास्तव प्रथम शब्दाचे वाक्यातील कार्य निश्चित करावे व नंतरच अक्षरे पाहावीत.