दुसरी स्कूटर घ्यायच्या आधी

पुण्यात १ जून २०२५ पासून पीएमपीचा महिन्याचा पास १,५०० रुपये झाला आणि दिवसाचा ७०. तेव्हापासून ‘त्यापेक्षा स्कूटर परवडते’ असं म्हणणारे वाढलेत. ते अगदीच चूक नाहीत.

समजा, घर ते ऑफिस १२ किलोमीटर आहे, बस थेट मिळते आणि महिन्यात २२ दिवस जायचं आहे. तिकीट पाच-पाच किलोमीटरच्या टप्प्यांनी वाढतं: पाचपर्यंत १०, दहापर्यंत २०, पंधरापर्यंत ३०. म्हणजे जाऊन-येऊन ६०, महिन्याचे १,३२०. इथे पास काढणाऱ्याचे १८० रुपये जास्तच जातात! पण हेच अंतर मध्ये बस बदलून सहा-सहा किलोमीटरमध्ये कापावं लागलं, तर दुसऱ्या बसमध्ये टप्पे पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. एका बाजूचे ४०, दिवसाचे ८०, महिन्याचे १,७६०. आता पास स्वस्त. म्हणून पास काढावा की नाही, हे अंतरापेक्षा बस किती वेळा बदलावी लागते यावर जास्त ठरतं. आठवड्यातून तीनच दिवस ऑफिस असेल, तर अशा बस बदलणाऱ्याला दिवसाचा पास पुरतो. तेरा दिवसांचे ९१०.

स्कूटर रोज २४ किलोमीटर, म्हणजे महिन्याला ५२८ चालेल. सिग्नलच्या गर्दीत लिटरला ४४ किलोमीटर पडले आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर १२ लिटरचे १,२६०. पंपावर दिलेले तेवढेच पैसे लक्षात राहतात, म्हणून स्कूटर स्वस्त वाटते. सर्व्हिसिंग, ऑइल, टायर, ब्रेक, विमा यांचे सरासरी ४०० मिळवा. शिवाय लाखाची गाडी आठ वर्षांनी २८ हजारांना गेली, तर दरमहा ७५० रुपयांची घट. एकूण २,४१०. कर्जाचं व्याज आणि पार्किंग अजून धरलेलंच नाही.

मात्र घरात स्कूटर आधीच असेल आणि भाजी-दवाखान्यासाठी ती राहणारच असेल, तर ती ७५० रुपयांची घट ऑफिसच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही. बसने गेलात तरी गाडी जुनी होणारच. अशा घरात पेट्रोल आणि झीज मिळून साधारण १,६०० रुपये पडतात आणि बसशी फरक इतका थोडा उरतो, की स्टॉपवर जाणारी वीस मिनिटं बहुतेकांना जास्त महाग वाटतात. स्टॉपपर्यंत शेअर रिक्षा लागत असेल, तर तो फरकही संपतो.

बसने खरा पैसा वाचतो तो घरातल्या दुसऱ्या गाडीचा. नवरा-बायको दोघं नोकरी करणारी, स्कूटर एक, दुसरी घ्यायचं चाललंय. अशा वेळी ज्याच्या रस्त्याला थेट बस आहे त्याने दोन-तीन महिने सुटी तिकिटं काढून बघावं. तोवर लाख रुपये खात्यात राहतात.