कोबीला फूल का येत नाही?

बाजारात बारा महिने मिळणाऱ्या कोबीचं बी आपल्याकडच्या शेतात धरत नाही. त्यासाठी हिमालय गाठावा लागतो. उलट कांद्याला नको तेव्हा फूल येतं आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणतं. फुलायचं कधी, हे झाडाला सांगतं कोण?

मोहरीचं पिवळंधमक शेत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. प्रत्यक्षात नाही, तर निदान हिंदी सिनेमात! मेथी, मुळा, कोथिंबीर यांची काढणी लांबली की त्याही फुलावर येतात. पण कोबीचं फूल कुणी पाहिलंय? हा प्रश्न टाकला तर वर्षानुवर्षं कोबी चिरणारी गृहिणीच काय, नाशिककडचा कोबी पिकवणारा शेतकरीही विचारात पडेल. आपण खातो तो गड्डा म्हणजे फूल नव्हे. एकावर एक घट्ट मिटलेली ती पानं. हा गड्डा शेतात तसाच ठेवला तर उन्हाळ्यात तो तडकतो, सडतो, पण फुलत नाही.

आणि फूल नाही म्हणजे बी नाही. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ही अडचण कुणाला फारशी जाणवली नव्हती, कारण कोबीचं बी बोटीतून विलायतेहून येत असे. युद्ध पेटलं, बोटी थांबल्या आणि बियाण्याची चणचण भासू लागली. तेव्हा बलुचिस्तानातल्या क्वेट्टा इथे थंड हवेतल्या भाज्यांचं बी तयार करण्याचा प्रयत्न सुरू झाला. तो यशस्वी होतोय तोवर फाळणी झाली आणि क्वेट्टा पाकिस्तानात गेलं. मग नवी जागा सापडली ती हिमाचलात. कुलू आणि मनाली यांच्या मधोमध, बियास नदीकाठी, समुद्रसपाटीपासून सुमारे पाच हजार फुटांवर कटराईं नावाचं गाव आहे. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र तिथे उभं राहिलं आणि 'गोल्डन एकर'सारख्या कोबीचं बी भारतात धरू लागलं.

कटराईंच्या मातीत जादू नाही. जे आहे ते हिवाळ्यात आहे.

तिथला कोबीचा वर्षभराचा क्रम पाहण्यासारखा आहे. जुलैच्या सुमारास बी पेरतात, महिनाभरात रोपं शेतात लावतात. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत गड्डे भरतात. आपल्याकडे या टप्प्याला गड्डा कापून बाजारात जातो. तिथे मात्र चांगले, जातिवंत गड्डे निवडून शेतातच ठेवतात. त्यांच्यावर बर्फ पडतं, दोन-अडीच महिने ते कुडकुडतात. थंडी ओसरायला लागली की माळी चाकू घेऊन प्रत्येक गड्ड्याच्या डोक्यावर अधिक चिन्हासारखी चीर देतो. चीर बेताचीच हवी, आतला कोंब दुखावता कामा नये. त्या चिरेतून दांडा वर येतो, चार-पाच फूट वाढतो आणि एप्रिलच्या आसपास त्यावर थेट मोहरीसारखी पिवळी फुलं लागतात. मधमाश्या आपलं काम करतात, शेंगा धरतात आणि जून-जुलैत बी हाती येतं. म्हणजे पेरणीपासून बियाण्यापर्यंत पुरतं एक वर्ष! शेजारच्या दुसऱ्या जातीशी संकर होऊ नये म्हणून दोन शेतांत किलोमीटरभराहून अधिक अंतर राखावं लागतं, ते वेगळंच.

थंडी मिळाल्याशिवाय न फुलण्याच्या या रीतीला शास्त्रज्ञ वासंतीकरण म्हणतात. कोबीच्या बहुतेक जातींना साधारण चार ते दहा अंश सेल्सियस तापमान सलग सहा-आठ आठवडे, काहींना त्याहूनही जास्त काळ लागतं. शिवाय रोप पुरेसं वाढलेलं असावं लागतं. खोड निदान पेन्सिलीएवढं जाड नसेल तर कितीही थंडी पडली तरी कोबी ती मोजतच नाही. गहू आणि मुळा यांचं बी नुकतं भिजलेलं असतानाही थंडी ओळखतं. कोबीचं बी फ्रिजमध्ये ठेवून काही उपयोग नाही.

इथे एक शंका येईल. निफाडला थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांखाली उतरतो, मग तिथे कोबी का फुलत नाही? कारण निफाडची थंडी पहाटेची. दुपारी तिथे चांगलं पंचवीस अंशांचं ऊन असतं. रात्री जमा झालेली थंडी दुपारी वजा होते, असं म्हटलं तरी चालेल. मोजणी अर्धवट असताना ऊब मिळाली की झाडाचा हिशेब मागे सरकतो. झाडाच्या दृष्टीने हे शहाणपणाचंच आहे. डिसेंबरातल्या चार ऊबदार दिवसांना वसंत समजून फुललं, तर पुढच्या बर्फात फुलं जळून जायची.

हा हिशेब ठेवला जातो कोंबाच्या टोकाशी. कोबीच्याच कुळातल्या एका लहानशा रानटी रोपावर प्रयोग करताना १९९९ साली त्यामागचं जनुक सापडलं. हे जनुक म्हणजे फुलण्याच्या दाराला लावलेलं कुलूप. कडाका जसजसा लांबतो तसतसं एकेका पेशीत हे जनुक गप्प होत जातं. पुरेशा पेशी गप्प झाल्या की कुलूप निघतं आणि पुढे ऊब आली तरी ते परत लागत नाही. झाडाला हिवाळा आठवतो. मात्र बी तयार होताना ही आठवण पुसली जाते. कटराईंत थंडी खाल्लेल्या कोबीचं बी नाशिकला पेरलं, तर त्या पिलावळीला फुलण्यासाठी पुन्हा स्वतःचा हिवाळा लागतो. म्हणून तर ते बी गड्ड्यासाठी बिनधास्त विकता येतं!

कांद्याची कथा बरोबर उलटी. कोबीला हवं तेव्हा फूल येत नाही, कांद्याला नको तेव्हा येतं. ऐन भरात आलेल्या शेतात मधूनच एखादा जाड, पोकळ दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला पांढऱ्या फुलांचा गोंडा धरतो. शेतकरी याला डेंगळे म्हणतात. आपल्या कांद्याला कोबीइतकी कडक थंडी लागत नाही. दहा-बारा अंशांच्या आसपासच्या रात्री काही आठवडे मिळाल्या तरी पुरतं. पण इथेही रोपाच्या वाढीची अट आहेच. रोप लवकर लावलं किंवा रोपवाटिकेत जून, जाड झालेलं लावलं, तर थंडी येते तेव्हा ते मोजणीच्या वयाचं असतं. तेच रोप बारीक असतं, तर तीच थंडी त्याच्या अंगावरून निघून गेली असती.

डेंगळे आलेलं ओळखणं सोपं आहे. पात एका बाजूने चपटी असते आणि एकसारखी निमुळती होत जाते. दांडा गोल असतो, मध्ये फुगतो आणि टोकाला पातळ पापुद्र्यात मिटलेली कळी असते. दांडा मोडून टाकला तरी कांदा पूर्वपदावर येत नाही, मधला भाग कडकच राहतो. असा कांदा साठवणीत टिकत नाही, तो आधी खाऊन किंवा विकून संपवावा लागतो. घरी टोपलीतल्या कांद्याला फुटतात ते हिरवे कोंब मात्र वेगळे. ती नुसती पात, तिची धास्ती नको.

गंमत म्हणजे कांद्याचं फूल थंडी ठरवते, पण खाली गड्डा कधी धरायचा हे दिवसाच्या लांबीवर ठरतं. युरोपातल्या कित्येक जाती चौदा तासांहून मोठा दिवस झाल्याशिवाय गड्डा धरत नाहीत. मुंबईत वर्षातला सर्वात मोठा दिवसही जेमतेम सव्वातेरा तासांचा. ते बी इथे लावलं तर नुसती पात खावी लागेल.

झाडं दिवसाची लांबी ओळखतात हे उघडकीला आलं तेसुद्धा बियाण्याच्याच अडचणीतून. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळच्या सरकारी शेतावर गार्नर आणि अॅलार्ड हे दोन शास्त्रज्ञ 'मेरिलँड मॅमथ' नावाच्या तंबाखूने हैराण झाले होते. उन्हाळाभर ती माणसाच्या डोक्यावर वाढे, पानंच पानं, पण फूल नाही. थंडी पडून झाड मरे आणि बी मिळत नसे. काचघरात नेलेली झाडं मात्र ऐन हिवाळ्यात फुलत. खत, पाणी, तापमान, सगळं तपासून झालं. शेवटी जुलै १९१८मध्ये त्यांनी बिनखिडकीची एक अंधारी खोली बांधली. दुपारी चार वाजता कुंड्या आत आणि सकाळी नऊला बाहेर. भर उन्हाळ्यात झाडाला सातच तासांचा दिवस! तंबाखू फुलली. उलट हिवाळ्यात काचघरात विजेचे दिवे लावून दिवस लांबवला, तर फुलणं थांबलं. १९२०मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. मराठीत याला दीप्तिकालिता असं भारदस्त नाव आहे.

दिवसाची लांबी म्हणायचं खरं, पण झाड मोजतं ती रात्र. हे १९३८मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी एका काटेरी तणावर दाखवलं. दिवसा मध्येच अंधार केला तर झाडाला काही फरक पडेना. पण लांब रात्रीच्या मधोमध मिनिटभर दिवा दाखवला की फुलणं बंद. थंडी कोंब मोजतो, रात्र मात्र पान मोजतं. पानात लाल प्रकाश टिपणारं एक द्रव्य असतं. रात्र अपेक्षेइतकी झाली, की पान एक प्रथिन तयार करून कोंबाकडे धाडतं. असा काही निरोप असावा, हा तर्क सोव्हिएत शास्त्रज्ञ चैलाख्यान यांनी १९३०च्या दशकात मांडला होता. ते प्रथिन प्रत्यक्ष हाती लागलं २००७मध्ये. कोबीत थंडीने उघडणारं कुलूप नेमकं याच निरोपाची वाट अडवून बसलेलं असतं.

या ज्ञानावर आज शेवंतीचा धंदा चालतो. शेवंती लांब रात्रीची, म्हणून ती आपसूक फुलते दसरा-दिवाळीच्या पुढे. पण ग्राहकाला ती बारा महिने हवी. मग पॉलिहाऊसमध्ये रोपं लावल्यावर पहिले तीन-चार आठवडे रात्री दहा ते दोन दिवे लावतात. रात्रीचे दोन तुकडे झाले की झाड फुलायचं विसरून उंच वाढतं. दांडा हवा तेवढा झाला की दिवे बंद, आणि उन्हाळा असेल तर संध्याकाळी पाच ते सकाळी सात काळं कापड. साधारण आठ-दहा आठवड्यांत फुलं तोडणीला येतात. कापडाला भोक पडलं तर तिथली झाडं मागे राहतात आणि वाफ्यात कुठे फाटलंय ते झाडांवरूनच कळतं. कापडाखाली उकाडा साचला तरी कळ्या रेंगाळतात, म्हणून उन्हाळ्यात ते पूर्ण अंधार पडल्यावर हवेसाठी थोडा वेळ सरकवतात.

गॅलरीतली शेवंती धडधाकट असूनही हिवाळ्यात कळी धरत नसेल, तर खत बदलण्याआधी रात्री तिच्यावर कुठला उजेड पडतो ते पाहावं. जिन्यातला दिवा किंवा रस्त्यावरचा खांब पुरेसा असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून कुंडी अंधाऱ्या कोपऱ्यात सरकवावी, किंवा रोज संध्याकाळी तिच्यावर मोठं खोकं पालथं घालून सकाळी काढावं. कळ्या स्पष्ट दिसू लागेपर्यंत हे एकही रात्र न चुकता करावं लागतं.