इटलीची पगारपावती मराठीत उतरवताना

इटलीत महिनाअखेरीस हातात किंवा ईमेलमध्ये येणाऱ्या पगारपावतीला तिथले लोक ‘बुस्ता पागा’ म्हणतात, हिशेबनीस ‘चेदोलिनो’ म्हणतात. १९५३ च्या कायद्याने ती प्रत्येक कामगाराला देणे मालकावर बंधनकारक केले. कागद एकच, पण त्यावर पन्नास-साठ चौकटी, निम्म्या शब्दांची संक्षिप्त रूपे आणि मधल्या मोठ्या तक्त्यात शेवटी दोन स्तंभ : एक ‘त्रात्तेनूते’, म्हणजे कापलेले पैसे, आणि दुसरा ‘कोंपेतेन्झे’, म्हणजे देणे असलेले पैसे. हा कागद स्वतःच्या दप्तरासाठी मराठीत उतरवायचा झाला, तर सगळी गंमत आणि सगळी गफलत या दोन स्तंभांच्या आसपास होते.

स्वतःच्या नोंदीसाठी शपथपूर्वक, शिक्क्याचे भाषांतर लागत नाही. ते एखाद्या कार्यालयात सादर करायचे असेल तरच. इथे वाचणारा एकच, तो कर्मचारी स्वतः. त्याला प्रत्येक ओळीबद्दल तीनच गोष्टी कळायला हव्यात : हे पैसे कोणाकडे गेले, कशापोटी गेले, आणि परत कधी येणार आहेत का. म्हणून इटालियन शब्द तसाच ठेवावा आणि शेजारी मराठी अर्थ लिहावा. मूळ शब्द पुसून टाकला की पुढच्या महिन्याची पावती जुन्या भाषांतराशी ताडून पाहता येत नाही. आकड्यांत तर लहानसा सापळा आहेच. तिथे हजारानंतर टिंब आणि दशांशाला स्वल्पविराम असतो. १.८१६,२० म्हणजे एक हजार आठशे सोळा युरो वीस सेंट.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्याची एक अभियंता जानेवारी २०२५ मध्ये मिलानजवळच्या एका लहान यंत्रउद्योगात लागली. करारातला ढोबळ पगार महिना २,००० युरो. धातू-यंत्र उद्योगाच्या राष्ट्रीय करारानुसार वर्षाला तेरा पगार मिळतात, तेरावा डिसेंबरात. म्हणजे वर्षाचे २६,००० युरो. (व्यापार क्षेत्राच्या करारात चौदावाही असतो. पगाराची बोलणी करताना कंपन्या वार्षिक आकडा सांगतात आणि नवखा माणूस त्याला बाराने भागून मोकळा होतो. मग पहिल्याच महिन्यात तोंड पडते.) जूनची पावती तिच्या पुढ्यात आहे.

वरच्या भागात वेतनश्रेणी, रुजू झाल्याची तारीख आणि मूळ पगाराचे घटक असतात. त्यात ‘सुपेरमिनिमो’ हा शब्द दिसला तर थांबावे. करारातल्या किमान वेतनावर मालकाने खुशीने दिलेली ती जादा रक्कम. तिच्यापुढे ‘अस्सोर्बीबिले’ लिहिले असेल, तर पुढे राष्ट्रीय करारात पगारवाढ झाली की ती वाढ या जादा रकमेतूनच वळती होऊ शकते. बाईंना वाटेल सगळ्यांना वाढ मिळाली, आपल्याला का नाही. उत्तर या एका विशेषणात असते.

आता मधला तक्ता. पहिली मोठी कपात ‘कोंत्रिबूती इन्प्स’. इन्प्स ही इटलीची राष्ट्रीय सामाजिक विमा संस्था. बहुतेक खाजगी नोकरदारांच्या पगारातून निवृत्तिवेतनापोटी ९.१९ टक्के कापले जातात. पंधराहून अधिक माणसे असलेल्या अनेक कंपन्यांत ते ९.४९ होतात. मालक स्वतःचा वाटा वेगळा भरतो आणि तो कर्मचाऱ्याच्या वाट्याहून बराच मोठा असतो, पण निव्वळ पगाराशी त्याचा संबंध नाही. आपल्या अभियंतेचे २,००० पैकी १८३.८० युरो इथे गेले. उरले १,८१६.२०. या आकड्याला ‘इंपोनीबिले फिस्काले’ म्हणतात, म्हणजे ज्यावर प्राप्तिकर आकारायचा ती रक्कम. आधी विमा वर्गणी, मग उरलेल्यावर कर, हा क्रम ध्यानात ठेवला की पावतीचा अर्धा गुंता सुटतो.

प्राप्तिकराचे नाव ‘इर्पेफ’. २०२५ च्या दरांनुसार वर्षाला २८,००० युरोपर्यंत २३ टक्के, पुढे ५०,००० पर्यंत ३५ आणि त्यावर ४३. आपल्या उदाहरणात १,८१६.२० चे २३ टक्के म्हणजे ४१७.७३ युरो. ही झाली ‘इर्पेफ लोर्दा’, कच्चा कर. लगेच खालच्या ओळींत ‘देत्रात्सियोनी’ म्हणून दोन रकमा येतात : नोकरदार म्हणून १९०.०१ आणि २०२५ पासून मध्यम-कमी पगारदारांना मिळू लागलेली जादा सवलत ८२.१९.

नेमके इथेच भाषांतर उलटे पडते. शब्द कानाला इंग्रजी डिडक्शनसारखा वाटतो, शब्दकोशही ‘वजावट’ म्हणतो, आणि हात आपोआप ती रक्कम कपातीच्या बाजूला टाकतो. पण ही वजावट पगारातून होत नाही, करातून होते. ४१७.७३ मधून १९०.०१ आणि ८२.१९ वजा केले की प्रत्यक्ष कर उरतो फक्त १४५.५३. म्हणून हातात येतात १,६७०.६७ युरो. त्याच दोन रकमा कपात समजून लिहिल्या तर उत्तर १,१२६.२७ येते, आणि बँकेत जमा झालेल्या पैशांशी ते साडेपाचशे युरोंनी चुकते. मराठीत ‘करसवलत’ किंवा ‘करातून सूट’ लिहिले की प्रश्न मिटतो. उत्पन्नातूनच वजा होणाऱ्या रकमेला इटालियनमध्ये वेगळा शब्द आहे, ‘देदुत्सियोने’. आपण ज्याला उत्पन्नातली वजावट म्हणतो ती ही. सवलतींचा आकडा दर महिन्याला थोडा हलतो, कारण तो महिन्याच्या दिवसांनुसार मोजतात; ३१ दिवसांच्या महिन्यात किंचित जास्त. हिशेब चुकला म्हणून कचेरीत धाव घेण्याचे कारण नाही. वर्षभराचे खरे उत्पन्न डिसेंबरात कळले की ‘कोंग्वाल्यो’ या ओळीत सगळा कमी-जास्तीचा मेळ घातला जातो.

पहिल्या वर्षी तिच्या पावतीवर प्रदेश आणि नगरपालिकेचा जादा कर, ‘आद्दित्सियोनाले’, दिसणार नाही. दुसऱ्या वर्षी तो अचानक उगवतो. कारण हा कर मागच्या वर्षीच्या उत्पन्नावर असतो आणि पुढच्या वर्षी हप्त्याहप्त्याने, जास्तीत जास्त अकरा हप्त्यांत, कापला जातो. पगार तोच आणि हातात तीसेक युरो कमी, असे झाले की लोक मालकावर संशय घेतात. भाषांतरात या ओळीपुढे कंसात वर्ष लिहावे : ‘२०२५ चा प्रादेशिक कर, हप्ता’. नोकरी मध्येच सोडली तर उरलेले हप्ते शेवटच्या पावतीतून एकदम वसूल होतात, त्यामुळे शेवटचा पगार नेहमीच विचित्र दिसतो.

पावतीच्या तळाशी, बहुधा सर्वांत बारीक अक्षरांत, ‘टीएफआर’ असते. बोलीत त्याला ‘लिक्विदात्सियोने’ म्हणतात, आणि कंपनी दिवाळखोरीत निघाल्याशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजी कागदांत त्याचे भाषांतर सर्रास ‘सेव्हरन्स पे’ असे होते. त्यामुळे कामावरून काढल्यावरच ते मिळते, असा समज होतो. प्रत्यक्षात नागरी संहितेच्या कलम २१२० नुसार नोकरी कशीही संपो, राजीनामा असो, मुदत संपलेली असो की शिस्तभंगाची बडतर्फी, हे पैसे कर्मचाऱ्याचेच असतात. जवळचा भारतीय शब्द ग्रॅच्युइटी. पण भारतात नेहमीच्या नोकरीत पाच वर्षे भरावी लागतात आणि शेवटच्या पगारावर वर्षाला पंधरा दिवस मोजतात. टीएफआरला किमान वर्षांची अट नाही; पंधरा दिवस वा अधिक काम झालेला महिना पूर्ण धरतात. शिवाय ते शेवटच्या पगारावर नाही, दर वर्षीच्या पगारावर साठत जाते. मराठीत ‘नोकरीअखेर मिळणारी साठवलेली रक्कम (टीएफआर)’ असे लांबलचक लिहिलेले बरे.

हिशेब सोपा आहे. वर्षाचा पगार भागिले साडेतेरा. २६,००० भागिले १३.५ म्हणजे १,९२५.९३. यातून पगाराच्या अर्धा टक्का, १३० युरो, इन्प्सच्या एका वर्गणीपोटी जातात आणि १,७९५.९३ उरतात. या साठ्यावर पुढच्या वर्षाखेरीस वाढ मिळते : ठाम दीड टक्का अधिक महागाईवाढीचा पाऊण हिस्सा. महागाई २ टक्के असेल तर एकूण ३ टक्के, म्हणजे ५३.८८ युरो, त्यावर १७ टक्के कर जाऊन ४४.७२. दोन वर्षांनी ती नोकरी सोडेल तेव्हा कर कापण्यापूर्वी तिच्या नावावर ३,६३६.५८ युरो असतील.

तिच्या पावतीवर मात्र हा साठा शून्यही दिसू शकतो. त्याचा अर्थ पैसे बुडाले असा नाही. नव्या कर्मचाऱ्याने ठरावीक मुदतीत आपली निवड कळवली नाही, तर टीएफआर सहसा त्या उद्योगाच्या पेन्शन फंडात वळते होते. धातू-यंत्र उद्योगाचा फंड ‘कोमेता’. मग पाहायला हवे ते फंडाचे खाते. रक्कम कंपनीकडेच असली आणि कंपनी बुडाली, तर इन्प्सचा हमी निधी ती देतो. तिथे दावा करताना या पावत्याच पुरावा ठरतात.

टीएफआरवरचा कर वेगळ्या पद्धतीने आकारतात. मालक तात्पुरता कर कापतो आणि कर खाते पुढे कधीतरी आधीच्या वर्षांचे सरासरी दर पाहून पुन्हा हिशेब करते; फरकाची मागणी किंवा परतावा नोकरी सोडल्यानंतर बऱ्याच काळाने येऊ शकतो. तोवर माणूस पुण्यात परतलेला असतो आणि इटलीतला पत्ता जुना झालेला असतो.

परतणाऱ्यांची आणखी एक अपेक्षा असते : पीएफसारखे इन्प्सचे पैसे काढून घेता येतील. तसे येत नाहीत. पण ते वायाही जात नाहीत. युरोपीय संघाबाहेरच्या, १९९६ नंतर इटलीत कामाला लागलेल्या कामगाराने देश कायमचा सोडला, तरी वृद्धापकाळाच्या वयात, सध्या ६७ व्या वर्षी, किमान वीस वर्षांची वर्गणी भरलेली नसतानाही तो पेन्शन मागू शकतो. दोन-तीन वर्षांच्या नोकरीचे ते थोडकेच असेल. इन्प्सच्या संकेतस्थळावर ‘एस्त्रात्तो कोंतो’ नावाचा वर्गणीचा उतारा मिळतो. पावत्यांच्या मराठी वहीत दर महिन्याची ‘इंपोनीबिले प्रेविदेन्त्सियाले’, म्हणजे वर्गणी ज्यावर मोजली ती रक्कम, वेगळ्या स्तंभात लिहून ठेवली असेल, तर त्या उताऱ्यात एखादा महिना गळला आहे का, हे इटली सोडण्यापूर्वीच पाहता येते. गळलेला असेल तर पाच वर्षांच्या आत तक्रार करावी, कारण भरायच्या राहिलेल्या वर्गणीचा हक्क सर्वसाधारणपणे तेवढ्याच काळात मुदतबाह्य होतो.