एका गाळ्यातील दोन दुकाने : भाडे आणि पगार यांची वाजवी वाटणी

तालुक्याच्या गावी बाजारपेठेतील एकाच गाळ्यात डाळतांदूळ, तेल, साखर यांचा किराणा आणि वह्या, पेन्सिली, कंपासपेट्या यांची स्टेशनरी असे दोन व्यवहार शेजारी शेजारी चालतात, गल्ला मात्र एकच असतो. आणि म्हणून वर्षअखेर जो नफा हाती येतो त्यात कोणाचा वाटा किती, हे एकत्र लिहिलेल्या वह्यांतून उमगत नाही. खरेदी, विक्री आणि शिल्लक माल यांना खतावणीत दोन स्वतंत्र रकाने दिले, प्रत्येक बिलावर विभागाची खूण केली, की दोहोंचा ढोबळ नफा निराळा निघतो. येथवर अडचण नाही. खरी कसोटी लागते ती गाळ्याचे भाडे आणि दोन्हीकडे राबणाऱ्या नोकराचा पगार कोणाच्या नावे किती टाकावा, या प्रश्नापाशी.

उदाहरणादाखल असे दुकान कल्पावे, की ज्यात किराण्याची वार्षिक विक्री 36 लाख आणि ढोबळ नफा 3,60,000 रुपये, तर स्टेशनरीची विक्री 9 लाख आणि ढोबळ नफा 2,25,000 रुपये आहे. केवळ किराण्यासाठी ठेवलेल्या नोकराचा पगार 1,08,000, स्टेशनरीच्या नोकराचा 96,000. ही रक्कम ज्याची त्याच्या खाती जाते, तीत वाटणीचा प्रश्नच नाही. सामाईक राहतात त्या दोनच बाबी : वर्षाचे भाडे 1,44,000 आणि दोन्हीकडे पाहणाऱ्या जुन्या नोकराचा पगार 1,20,000.

पुष्कळ दुकानदार, आणि काही हिशेबनीसही, या दोन्ही रकमा विक्रीच्या प्रमाणात, म्हणजे येथे चारास एक, वाटून मोकळे होतात. त्या रीतीने किराण्याचा निव्वळ नफा 40,800 आणि स्टेशनरीचा 76,200 ठरतो, व मालकाच्या मनात किराणा आवरता घेण्याचा विचार येऊ लागतो. परंतु या रीतीतील दोष पारखण्याचे एक साधन आहे. तेलाचे भाव चढले, विकलेल्या तेलाचे वजन तितकेच राहिले, तरी किराण्याची विक्री रुपयांत फुगते, आणि एकही फळी जागची न हलता त्याच्या माथी अधिक भाडे बसते. भाडे हा जागेचा मोबदला आहे, विक्रीचा नव्हे. तेव्हा त्याचे माप जागेनेच घेतले पाहिजे.

आता, जागाही सर्वत्र एका मोलाची नसते. या गाळ्याच्या 600 चौरस फुटांपैकी रस्त्याकडील 200 फूट दर्शनी आहेत, त्यांत 120 स्टेशनरीने आणि 80 किराण्याने व्यापले आहेत. मागील 400 फुटांत स्टेशनरीकडे 120 आणि पोती-डब्यांसह किराण्याकडे 280 आहेत. त्याच पेठेत दर्शनी जागेचा दर मागच्या कोठारवजा जागेच्या दुप्पट आहे असे चौकशीअंती ठरले, तर दर्शनी फूट दोन धरावा. मग स्टेशनरीचे 360 आणि किराण्याचे 440, असे 800 भाग होतात, दर भागास 180 रुपये पडतात, आणि भाडे अनुक्रमे 64,800 व 79,200 असे विभागले जाते.

पगाराचे माप वेळ हे आहे. जूनमध्ये शाळा उघडण्याच्या सुमारास एक आठवडा आणि एरवीच्या महिन्यात एक आठवडा नोकराच्या कामाचे टिपण ठेवले, की अंदाजाला आधार मिळतो. हंगामाचे टिपण वगळल्यास स्टेशनरीचा भार हटकून कमी दिसतो. शाळांच्या दोन महिन्यांत त्याचा 70 टक्के आणि उरलेल्या दहा महिन्यांत 28 टक्के वेळ स्टेशनरीकडे जातो असे आढळले, तर वर्षाची सरासरी 35 टक्के येते. म्हणजे 42,000 स्टेशनरीचे, 78,000 किराण्याचे.

या वाटणीने किराण्याचा नफा 94,800 आणि स्टेशनरीचा 22,200 निघतो. एकूण 1,17,000 ही बेरीज पूर्वीचीच, क्रम मात्र उलटा. प्रमाणे मात्र वर्षारंभीच ठरवून लिहून ठेवावीत, कारण निकाल पाहून बदललेली प्रमाणे मालकाच्या आवडीनिवडीपलीकडे काही सांगत नाहीत. कर्जाचे व्याज वा प्राप्तिकर यांसारख्या ज्या बाबींना प्रामाणिक माप सापडत नाही, त्या न वाटता सर्वसाधारण नफातोटा खात्यात एकत्र दाखवाव्यात, हेच मला उचित वाटते.

तथापि 22,200 हा आकडा पाहून स्टेशनरी बंद करण्याचा निर्णय घेणे ही निराळीच चूक होईल. तो विभाग उठला तर ढोबळ नफ्याचे 2,25,000 जातील आणि त्याच्या नोकराच्या पगाराचे 96,000 वाचतील. पण गाळ्याचे भाडे आणि जुन्या नोकराचा पगार तसेच राहून संपूर्णतः किराण्यावर पडतील, आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरे काही उत्पन्न न आल्यास आज 1,17,000 नफा दाखविणारे तेच दुकान वर्षाला 12,000 रुपये तोट्यात जाईल.